मंगळवारची पाहणी : कोलारा गेटजवळ जर्मन खरेदीदारांसोबत तीन दिवस

सोमवार : पोचणं आणि रिकामी फेरी

ताडोबाच्या गाभा क्षेत्राचे दरवाजे मंगळवारी बंद असतात. त्यामुळे परदेशी टूर कंपन्यांची माणसं रिसॉर्ट बघायला येणार असली की बहुतेक मॅनेजर मंगळवारच सुचवतात. सफारी नसते, खोल्या रिकाम्या मिळतात, भटारखान्यात घाई नसते. दुभाष्यालाही हा वार सोयीचा, कारण प्रत्येक खोलीचं दार उघडून उभं राहता येतं.

नागपूरहून उमरेड, भिसी, चिमूर करत कोलाऱ्याकडे यायला अडीच-तीन तास लागले. मार्चचा दुसरा आठवडा होता. पळस झडत आला होता आणि मोह नुकता गळायला लागला होता. सकाळी शाल लागे, दुपारी अंगातला शर्ट चिकटे. पाहुणे संध्याकाळी येणार होते : पाच जर्मन खरेदीदार, त्यांतल्या एक बाई प्रमुख, एक गृहस्थ ड्रेस्डेनचे. आम्ही दोघी दुभाषी दुपारीच पोचलो, ते रिकामी फेरी मारायला.

ही रिकामी फेरी चुकवू नये. पाहुणे यायच्या आधी मॅनेजरांसोबत उद्याचा सगळा रस्ता एकदा चालायचा. त्यात दोन गोष्टी उरकतात. एक म्हणजे जागेची माहिती : एक्झॉस्टचा आवाज कुठे आहे, पायऱ्या कुठे आहेत, सात माणसं कुठल्या खोलीत मावणार नाहीत. दुसरी, मॅनेजरांची बोली कानाला सवयीची होते. आमचे मॅनेजर चिमूरकडचेच. त्यांच्या बोलण्यात ‘होऊन जाते न जी’ हे वाक्य इतक्या वेळा येई की त्याचं काय करायचं हे त्याच दुपारी ठरवावं लागलं. पुण्याच्या कानाला ते ‘होतं’ असं वाटतं, म्हणजे आत्ता सोय आहे. नागपूर-चंद्रपूरकडे त्याच वाक्याचा अर्थ ‘होईल, करून देऊ’ असाही असतो. जर्मनमध्ये ‘आहे’ आणि ‘होईल’ यांची भेसळ करता येत नाही. म्हणून ठरलं, की ‘होऊन जाते’ आलं की प्रत्येक वेळी विचारायचं : आज आहे, की पुढच्या सीझनला?

मॅनेजरांना आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. दुभाषी बोलणाऱ्याच्या तोंडूनच बोलते. पाहुण्या बाई ‘मला या गादीचा वास आवडला नाही’ म्हणाल्या, तर मराठीतही ‘मला’च येणार. हे आधी सांगितलं नाही तर मॅनेजर दुभाषीवरच नाराज होतात आणि पुढची उत्तरं तिच्याकडे बघून देऊ लागतात. उत्तर पाहुण्यांकडे बघून द्यायचं, दोन-तीन वाक्यांनी थांबायचं, इतकंच त्यांना सांगितलं. ‘थांबतो न जी,’ ते म्हणाले. (थांबले नाहीत, पण निदान आठवण करता येत होती.)

जाणाऱ्यांसाठी : तीन तासांची पाहणी एकट्या दुभाषीनं घेऊ नये. अर्ध्या तासानंतर आकडे निसटायला लागतात आणि ते आपल्याच लक्षात येत नाही. दोघी असल्या की एक बोलते, दुसरी आकडे आणि मोजमापं वहीत उतरवते. कानात बोलायचं यंत्र नेलं असेल तर त्याच्या बॅटऱ्या दुप्पट न्याव्यात.

मंगळवार, सकाळी नऊ : खोल्या

हे लोक गादी दाबून बघतात, नळ सोडून घड्याळ लावतात, पडद्यामागे हात घालतात. नवख्या मॅनेजरांना तो संशयीपणा वाटतो. कारण कायद्यात आहे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशानुसार सहलीतल्या प्रत्येक सेवेची जबाबदारी सहल विकणाऱ्यावर असते, ती सेवा हजारो मैलांवरच्या दुसऱ्या कोणी दिलेली असली तरी. जर्मन कायद्यात अशा उणिवेला वेगळा शब्दच आहे, ‘रायझेमांगेल’, म्हणजे प्रवासातली त्रुटी. ती सिद्ध झाली तर गिऱ्हाईक पैसे कापून मागतं. कोलाऱ्याजवळ गिझर गार निघाला तर हिशेब जर्मनीत होतो. मॅनेजरांना हे दोन वाक्यांत सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बराच सैल झाला.

पहिली अडचण अपेक्षेप्रमाणे ‘ट्विन’वर आली. बाईंनी विचारलं, दोन वेगळे बेड असलेल्या खोल्या किती? मॅनेजर म्हणाले, ‘सगळ्याच. ट्विन करून देतो न.’ हे जसंच्या तसं जर्मनमध्ये गेलं असतं तर कागदावर ‘सर्व खोल्या, वेगळे बेड’ असं लागलं असतं. प्रत्यक्षात काय होतं ते पलंगाखाली वाकून दिसलं. पहिल्या आठ खोल्यांत दोन तीन-फुटी पलंग जोडलेले होते, ते ओढून वेगळे करता येत होते. बाकीच्यांत एकच सहा फूट रुंद चौकट होती आणि तिच्यावर दोन गाद्या. चादरी वेगळ्या घालून मिळाल्या असत्या, पण पलंग हलला नसता.

इथे गोंधळ दोन्ही भाषांत आहे. जर्मन माणसाच्या ‘डोप्पेलबेट’मध्येही पुष्कळदा एका चौकटीत दोन गाद्याच असतात. मधल्या फटीला त्यांच्याकडे ‘बेझूखररिट्झे’ म्हणतात, पाहुण्याची फट. आणि जोडपं असलं तरी पांघरूण ज्याचं त्याचं. म्हणून मराठीत प्रश्न शब्दानं विचारूच नये, कृतीनं विचारावा : ‘हे दोन पलंग ओढून मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा करता येते का?’ मॅनेजरांनी एका पोराला बोलावलं, पहिल्या आठांतला एक पलंग ओढला आणि उत्तर सगळ्यांना एकदमच मिळालं. वहीत आलं : आठ खोल्या वेगळ्या होणाऱ्या, बाकीच्या नाहीत, जादा पांघरुणं मागणीप्रमाणे.

मग लांबी. मॅनेजर म्हणाले, ‘सव्वासहा बाय सहा.’ सव्वासहा फूट म्हणजे ७५ इंच, म्हणजे साधारण १९० सेंटिमीटर. जर्मनीत २०० सेंटिमीटरची गादी रूढ आहे आणि तिथली माणसं उंच. दहा सेंटिमीटरांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण या पलंगांना पायाशी लाकडी फळी होती. सहा फूट तीन इंच उंचीच्या माणसाचे पाय तिथे अडकतात. दुभाषीचं काम फक्त आकडा पोचवणं : ‘१९० सेंटिमीटर, पायाशी फळी आहे.’ फळी दिसतेच आहे, ती कशाला सांगायची, असं वाटू शकतं. पण हा कागद जर्मनीत बसलेल्या, खोली न पाहिलेल्या माणसाच्या हातात जाणार असतो. फूट-इंचांचं कोष्टक घरूनच लिहून न्यावं. उभ्या उभ्या तोंडी हिशेब करायला गेलं की मागचं वाक्य निसटतं.

‘बॅकअप’ हा दुसरा फसवा शब्द. मॅनेजर : ‘फुल बॅकअप आहे जी.’ ‘फुल’चं भाषांतर ‘संपूर्ण’ केलं की ऐकणाऱ्याला एसीसकट सगळं चालू राहणार असं वाटतं. इथे दुभाषीनं अर्थ ओढूनताणून कमी करायचा नाही आणि वाढवायचाही नाही. शब्द तसाच पोचवला, आणि ड्रेस्डेनच्या गृहस्थांनीच विचारलं : मेन बंद करून दाखवाल का? मॅनेजर क्षणभर थबकले, मग हो म्हणाले. लाइट गेली, मागे जनरेटर घरघरला. दिवे आणि पंखे १८ सेकंदांत आले. गिझर आणि एसी आले नाहीत. विचारल्यावर कळलं, की जनरेटरवर दिवे, पंखे, भटारखान्यातले डीप फ्रीझर आणि पाण्याचा पंप एवढंच आहे. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा दुपारी दोन तास एसी नसणं म्हणजे काय, हे जर्मनमध्ये समजावून सांगण्याची जबाबदारी दुभाषीची नाही. पण ‘एसी जनरेटरवर नाही’ हे वाक्य गाळून चालत नाही.

मंगळवार, अकरा : भटारखाना

भटारखान्यात शिरायच्या आधी बाहेर उभं राहून प्रश्न घ्यावेत. आत एक्झॉस्ट, कुकर, भांड्यांची आदळआपट, त्यात दुभाषीचा आवाज पोचत नाही आणि ओरडून बोललं की साधा प्रश्नही तक्रारीसारखा वाटतो. आम्ही ओट्याच्या टोकाशी, एक्झॉस्टपासून लांब गोल केला. केसांना टोप्या सगळ्यांनाच मिळाल्या.

खरा प्रसंग घडला तो इथेच. बाईंनी विचारलं : जेवणात ‘न्यूसे’ असतात का? शब्दशः नट्स. मॅनेजर लगेच म्हणाले, ‘नट्स? नाही न जी. काजू-बदाम फक्त हलव्यात, तेही वरून.’ मागे खलबत्त्याशेजारी स्टीलचा डबा उघडा होता आणि त्यात पांढुरकं, जाडसर कूट होतं.

हा क्षण नीट बघण्यासारखा आहे. मॅनेजर खोटं बोलत नव्हते. मराठीत शेंगदाणा नट्समध्ये मोडत नाही. नट्स म्हणजे सुकामेवा. त्यातून विदर्भात शेंगदाण्याला ‘फल्ली’ म्हणतात, तेल ते फल्लीतेल, दाणे ते फल्लीदाणे. जर्मनमध्ये मात्र शेंगदाण्याच्या नावातच नट आहे, ‘एर्डनूस’, म्हणजे जमिनीतलं नट. आणि युरोपच्या खाद्यमाहिती नियमात ज्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे, तीत शेंगदाणा एक आणि काजू-बदाम-अक्रोडाचा गट दुसरा, असे ते वेगवेगळे आहेत. बाईंच्या डोक्यात दोन्ही होते, मॅनेजरांच्या डोक्यात एकच.

दुभाषी इथे दोन चुका करू शकते. एक, ‘नाहीत’ एवढं भाषांतर करून गप्प बसणं. दुसरी, डब्याकडे बोट दाखवून ‘अहो, हे काय मग?’ म्हणणं. पहिलीनं एखाद्याचा घसा सुजेल, दुसरीनं मॅनेजर पाहुण्यांसमोर खोटे पडतील, तेही विनाकारण. रीत अशी : आधी उत्तर जसं आलं तसं पोचवायचं. मग दोन्ही बाजूंना, दोन्ही भाषांत, उघडपणे सांगायचं, की हे बोलणं दुभाषीचं आहे : ‘जर्मन शब्दात शेंगदाणाही येतो, मराठी शब्दात येत नाही. तो वेगळा विचारू का?’ बाई हो म्हणाल्या. प्रश्न आचाऱ्यांना गेला, आणि मुद्दाम त्यांच्याच शब्दात : ‘फल्ली कशाकशात पडते?’

आचारी हसले. ‘फल्ली कुठं नट आहे मॅडम, फल्ली त फल्ली आहे. सगळ्यातच पडते.’ मग त्यांनी बोटं मोजली : वांग्याच्या भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, चटणीत दाणे, पोह्यांत दाणे, तळणाला फल्लीतेल. नट्स नाहीत हे उत्तर दोन मिनिटांत पाच पदार्थांचं झालं आणि कुणाचंही तोंड कडू झालं नाही.

आता प्रश्न घटकाच्या नावानं विचारायचे असं ठरलं, म्हणून पुढचं सोपं गेलं. गहू कुठे आहे? पोळी, नान हे कळतंच. पण बाजारच्या हिंगाच्या डबीवर बघा, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. आचाऱ्यांची डबी फिरवून वाचली, होतंच. फोडणीत हिंग म्हणजे वरणही ग्लुटेन टाळणाऱ्याला चालत नाही, निदान त्या डबीतल्या हिंगाचं तरी. मोहरी आणि तीळ दोन्ही यादीत आहेत, आणि मोहरीशिवाय फोडणी आचाऱ्यांना कल्पनेतही जमेना. ‘जिऱ्यावर करून देऊ,’ शेवटी ते म्हणाले. ‘करून देऊ’ होतं, ‘होऊन जाते’ नव्हतं, तरी आम्ही विचारलंच. सांगितलं की आजपासून.

‘व्हेज’चाही तसाच घोळ. आपल्याकडच्या व्हेजमध्ये अंडं नसतं, जर्मन शाकाहाऱ्याच्या ताटात ते बिनधास्त असतं. उलट ‘व्हेगन’ हा शब्द आचाऱ्यांनी ऐकला होता, पण पोळीवरचं तूप त्यांच्या हिशेबात धरलेलं नव्हतं. दूध, दही, तूप, लोणी, मध अशी एकेक गोष्ट म्हटल्यावर चित्र स्पष्ट झालं.

एक गंमत सांगायलाच हवी. आचारी म्हणाले, ‘वरून सांबार टाकतो.’ आमच्यातल्या पुणेरी दुभाषीच्या जिभेवर डाळीचं दाक्षिणात्य सांबार आलंच होतं. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. दुपारी जेवायला सांबारवडी मिळाली तेव्हा ड्रेस्डेनच्या गृहस्थांनी चार खाल्ल्या. कुरकुरीत, आत खोबरं आणि खसखस, बरोबर पातळ कढी. खसखस त्यांना घरच्यासारखी वाटली, कारण जर्मनीत केकात ती भरभरून असते.

जाणाऱ्यांसाठी : निघण्याआधी स्थानिक शब्दांची छोटी यादी आचाऱ्यांकडूनच करून घ्या. फल्ली, सांबार, आलू एवढे तीन शब्द आधी कळले तरी फजिती वाचते. पाण्याबद्दल विचारताना ‘फिल्टरचं आहे का’ एवढं पुरत नाही. बर्फ कुठल्या पाण्याचा, सॅलड कुठल्या पाण्यानं धुता, हे वेगळं विचारा. या जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळतं, म्हणून बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागावा आणि त्यावरची तारीख मोठ्यानं वाचावी. इथला अहवाल होता, पण दोन वर्षांपूर्वीचा.

मंगळवार, चार : आवार

आवाराची फेरी तासाभरात झाली. पोहण्याच्या तलावाची खोली भिंतीवर फुटांत रंगवलेली होती, ती मीटरमध्ये हवी असं ठरलं. दवाखाना किती लांब, याला मॅनेजरांनी ‘जवळच आहे’ म्हटलं. असं उत्तर आलं की लगेच किलोमीटर आणि रात्रीच्या वेळचे मिनिटं विचारावीत, कारण ‘जवळ’ हे अंतर प्रत्येकाचं वेगळं.

कुंपणाशी माळीकाका भेटले. मोहाची फुलं गोळा करत होते. बाईंनी विचारलं, प्राणी आत येतात का? काकांनी उत्साहानं सांगितलं, ‘येते न, वाघ येते कधीमधी. मोह गळला का अस्वलही येते.’ मॅनेजरांना ही जाहिरात वाटली, बाईंच्या चेहऱ्यावर विमा दिसला. इथे थांबून विचारणं गरजेचं होतं, कारण गावाकडे वाघ म्हटलं की कधी बिबटही त्यात असतो. ‘पट्ट्याचा की ठिपक्यांचा?’ काका म्हणाले ठिपक्यांचा, भिंतीच्या पलीकडून जातो, कुत्र्यामागं. जर्मनमध्ये ते बिबट म्हणूनच गेलं. मग मॅनेजरांनी नियम सांगितला : अंधार पडल्यावर पाहुणा एकटा चालत नाही, टॉर्च घेऊन माणूस खोलीपर्यंत सोडतो. हा नियम खोलीतल्या कागदावर लिहिलाय का, असा पुढचा प्रश्न आला. लिहिलेला नव्हता. वहीत उतरला.

बुधवार : सफारी आणि हिशेब

पहाटेच्या सफारीबद्दल थोडक्यात : जिप्सीत सहा प्रवासी बसतात, त्यांत दुभाषीची एक जागा धरावी लागते. परमिटवरचं नाव पासपोर्टशी जुळलं पाहिजे, म्हणून जर्मन नावांतली लांबलचक स्पेलिंगं आदल्या रात्रीच तपासावीत. वाघ दिसला नाही. गाइडनं कान टवकारून ‘सांबराचा कॉल’ म्हटलं, तेव्हा ड्रेस्डेनच्या गृहस्थांनी कुजबुजून विचारलं, हे कोथिंबिरीपैकी का?

पण ही सफारी हातची जायची होती, आणि कारण होतं वेळ सांगण्याचं. मंगळवारी रात्री बाई म्हणाल्या, आम्हाला ‘हाल्ब फ्युन्फ’ला उठवा. शब्दशः ‘अर्धा पाच’. इंग्रजीच्या सवयीनं कान ‘हाफ फाइव्ह’ ऐकतो, म्हणजे साडेपाच. जर्मनमध्ये तो पाचाकडे जाणारा अर्धा आहे, म्हणजे साडेचार. एक तासाची चूक, आणि तेवढ्यात जिप्स्या गेटवर पोचलेल्या असतात. मराठीतून थेट गेलं तर उलट सोपं : आपल्या ‘अडीच’मध्ये तीच चाल आहे, दोन पूर्ण झाले आणि तिसरा अर्धा. दीडला तर त्यांच्याकडे ‘आन्डरटहाल्ब’ असा तंतोतंत जोडीदार आहे. पूर्वेकडची माणसं आणखी पुढे जातात. ड्रेस्डेनचे गृहस्थ ‘ड्रायफिअर्टल फ्युन्फ’ म्हणाले, पावणेपाच. पण तेच ‘फिअर्टल फ्युन्फ’ म्हणतात तेव्हा सव्वापाच नव्हे, सव्वाचार होतात. म्हणून रात्री रिसेप्शनच्या फळ्यावर मॅनेजरांच्या हातून ०४:३० असं लिहून घेतलं आणि बाईंना दाखवलं. वेळ कधीही फक्त तोंडी ठेवू नये.

नाश्त्यानंतर भावाची बोलणी झाली. मॅनेजरांच्या दरपत्रकावर स्वल्पविरामासह १२,५०० छापलेलं होतं. जर्मन डोळ्याला स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह, हजाराला ते टिंब देतात. दर रुपयांत असल्यामुळे कुणी साडेबारा समजलं नाही, पण करारात युरोचे आकडे आले की हीच गफलत महाग पडते. तोंडी आकड्यांत मात्र मराठी-जर्मन जोडी बरी : ‘पंचेचाळीस’सारखंच तिकडेही आधी पाच, मग चाळीस. अडतं ते एकोणावर. मॅनेजरांनी ‘एकोणतीस खोल्या’ म्हटलं तेव्हा जीभ तिसाकडे वळली होती. सहकारिणीनं वहीतला २९ पुढे सरकवला.

बारा वाजता तिनं वही उघडून दोन्ही भाषांत एकेक ओळ वाचली : आठ खोल्यांत वेगळे बेड, गादी १९०, एसी जनरेटरवर नाही, पाण्याचा नवा अहवाल महिनाभरात, रात्री सोबत टॉर्चवाला माणूस. प्रत्येक ओळीला दोन्ही बाजूंनी मान हलली की पुढची. ‘मोहरीऐवजी जिरं’ या ओळीवर मॅनेजरांनी आचाऱ्यांना हाक मारली. ते आले ते कुटाचा डबा घेऊनच. झाकणावर पांढरी पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर मार्करनं लिहिलं होतं : फल्ली. खाली जागा सोडली होती. ‘त्याह्यच्या भाषेत काय म्हणते ते तुम्ही लिहा, मॅडम.’